‘यू’ला मराठीत काय म्हणायचे? तरुण डॉक्टर, वृद्ध रुग्ण आणि मधला दुभाषी

इंग्रजी बोलणारी डॉक्टर समोरच्या रुग्णाला ‘यू’ म्हणते, तेव्हा तिने आदराची कोणतीही पातळी निवडलेली नसते. तोच प्रश्न मराठीत सांगताना दुभाष्याला मात्र ती निवडावीच लागते, कारण मराठीत सर्वनाम गाळले तरी क्रियापद सगळे सांगून टाकते. ‘गोळी घेतलीस का’ आणि ‘गोळी घेतलीत का’ या दोन्ही प्रश्नांत ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ हा शब्द कुठेच नाही, तरीही ऐकणाऱ्याला आपल्याला काय म्हटले गेले ते लगेच कळते. मधला, तटस्थ असा पर्याय भाषेने ठेवलेलाच नाही. त्यामुळे तिशीतली डॉक्टर आणि ऐंशीच्या घरातला रुग्ण यांच्यामध्ये बसलेला दुभाषी पहिल्या वाक्यापासून डॉक्टरच्या नावाने एक निर्णय घेत असतो, आणि तो निर्णय घेतला गेला आहे हे डॉक्टरला माहीतही नसते. रुग्ण मात्र त्यावरूनच डॉक्टर नम्र आहे की उद्धट हे ठरवून मोकळा होतो.

हा निर्णय कसा घ्यावा, हे या लेखात पाहायचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घेतलेला आदर वाक्यात नेमका कुठे ठेवावा आणि कुठे मुळीच ठेवू नये हेही पाहायचे आहे. दुभाष्यांच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी उद्धटपणाच्या चुका लगेच दिसतात आणि सुधारल्याही जातात. आदराच्या भरात औषधाची सूचना सैल होते, कोणी काय करायचे ते पुसट होते किंवा प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दिले जाते, त्या चुका कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण त्या ऐकायला गोड असतात.

पायाभूत नियम सोपा आहे. वृद्ध रुग्ण आणि त्यांच्याबरोबर आलेली प्रौढ माणसे या सर्वांसाठी ‘तुम्ही’ आणि त्याला जुळणारे क्रियापद वापरावे, आणि संपूर्ण भेटीत त्यात बदल करू नये. डॉक्टरकडे ज्ञानाचा आणि पदाचा अधिकार असतो, रुग्णाकडे वयाचा मान असतो. मराठीत बोलताना या दोहोंत वयाचे पारडे जड ठरते. मुलगा आपल्या आईला ‘तू’ म्हणतो, अनेक घरांत नातवंडेही आजीला ‘तू’च म्हणतात, म्हणून दुभाष्यानेही त्याच सुरात बोलावे असे काही नवख्यांना वाटते. मुलाच्या ‘तू’मध्ये आयुष्यभराची जवळीक असते, तोच ‘तू’ परक्या डॉक्टरच्या वतीने बोलला गेला की त्यातली जवळीक निघून जाते आणि फक्त कमीपणा उरतो. नातेवाईक रुग्णाशी कसे बोलतात हे ऐकून आपले संबोधन ठरवू नये.

‘आपण’ हे रूप ‘तुम्ही’पेक्षा अधिक अदबीचे वाटते, त्यामुळे ते वापरण्याचा मोह होतो, विशेषतः डॉक्टर हिंदी बोलत असेल आणि तिच्या ‘आप’ला समांतर शब्द हवासा वाटत असेल तेव्हा. दवाखान्यात मात्र ‘आपण’ जपून वापरावे, कारण मराठीत तोच शब्द ‘आम्ही आणि तुम्ही मिळून’ या अर्थानेही येतो. ‘आपण उद्या या’ यात घोटाळा नाही, कारण ‘या’ने अर्थ बांधला गेला आहे. पण ‘आपण ही गोळी मागच्या महिन्यात बंद केली’ हे वाक्य पाहा. गोळी रुग्णाने स्वतःच्या मनाने बंद केली, की डॉक्टरने विचारपूर्वक बंद केली? दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात आणि वैद्यकीय दृष्टीने ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. ‘आपल्या गोळ्या’, ‘आपल्याला द्यायचे आहे’ या रूपांचेही तसेच. याउलट, ‘तुम्ही’ म्हटले की निदान डॉक्टर त्यातून बाहेर राहते.

याच कारणाने डॉक्टरच्या तोंडचे ‘वी’ही तपासून घ्यावे लागते. इंग्रजीत डॉक्टर सहजपणे ‘आपण ही गोळी थांबवू या’ अशा अर्थाचे बोलतात. त्यात रुग्णाला सामील करून घेण्याचा सौजन्याचा भाग असतो. ते जसेच्या तसे मराठीत आणले की काही वृद्ध रुग्णांचा असा समज होतो की गोळी थांबवण्याचे काम डॉक्टर करणार आहेत, म्हणजे पुढच्या वेळी चिठ्ठीत ती लिहिणार नाहीत, आणि तोपर्यंत घरातल्या गोळ्या चालू ठेवायच्या. अशा ठिकाणी दुभाष्याने अंदाज न करता डॉक्टरला सरळ विचारावे की गोळी नेमकी कोणी आणि कधीपासून थांबवायची आहे. तसे विचारताना रुग्णालाही ‘मी डॉक्टरांना एक गोष्ट नीट विचारून घेतो’ असे सांगावे, म्हणजे आपल्या पाठीमागे काही बोलणे चालले आहे असे त्यांना वाटणार नाही.

संबोधनाचा दुसरा भाग म्हणजे हाक. आजी, आजोबा, काका, मावशी ही नात्याची हाक मराठीत परक्या माणसालाही मारली जाते आणि ती बहुधा गोड लागते. तरीही माझे मत असे की क्रियापदातला ‘तुम्ही’ अनिवार्य आहे आणि नात्याची हाक ऐच्छिक आहे. एकाहत्तर वर्षांच्या, आयुष्यभर नोकरी केलेल्या एखाद्या बाईंना ‘आजी’ म्हटलेले खपत नाही. त्यांना आडनावापुढे ‘बाई’ किंवा नावापुढे ‘ताई’ लावलेले अधिक योग्य वाटते. उलट एखाद्या आजोबांना आडनावाने हाक मारली तर कचेरीत बोलावणे आल्यासारखे वाटते. वयावरून हे ओळखता येत नाही. म्हणून भेटीच्या सुरुवातीला ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?’ असा प्रश्न डॉक्टरने विचारावा आणि दुभाष्याने तो सांगावा. हे विचारायला दहा सेकंदही लागत नाहीत आणि नंतरचा अर्धा तास सुरळीत जातो.

नावाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अशी आहे की ती दुभाष्याच्या हातात नसतेच. डॉक्टरच्या इंग्रजी वाक्यातला बाकीचा प्रत्येक शब्द रुग्णापर्यंत दुभाष्याच्या मार्फत पोहोचतो, पण रुग्णाचे नाव थेट पोहोचते. डॉक्टरने ‘सुशीला’ असे नुसते नाव घेतले, तर दुभाष्याने पुढे कितीही नीटपणे ‘सुशीलाबाई, तुम्हाला कसे वाटते आहे’ असे म्हटले, तरी नातीच्या वयाच्या मुलीने आपले बोडके नाव घेतले हे त्या बाईंनी ऐकलेले असते. इंग्रजीत पहिल्या नावाने बोलावणे हे मोकळेपणाचे लक्षण असल्याने डॉक्टरच्या मनात तसे काहीच नसते. यावर उपाय एकच आहे. खोलीत शिरण्याआधी डॉक्टरला सांगावे की या रुग्णाच्या नावापुढे ‘बाई’, ‘ताई’, ‘काका’ किंवा ‘राव’ यांपैकी ठरलेला शब्द लावावा. परक्या भाषेतला एवढा एक शब्द कोणीही उच्चारू शकते, आणि तो डॉक्टरच्याच तोंडून आलेला असल्याने त्याचे मोल दुभाष्याने घातलेल्या आदरापेक्षा अधिक असते.

आता आदर कुठे ठेवू नये याकडे येतो. मराठीत सूचना देण्याची अनेक रूपे आहेत आणि त्यांचा नम्रपणा जसा कमीजास्त आहे, तशीच त्यांची सक्तीही कमीजास्त आहे. ‘रोज एक गोळी घ्या’ ही सरळ आज्ञा आहे, ‘तुम्ही’च्या रूपात असल्यामुळे ती उद्धट नाही. ‘रोज एक गोळी घ्यावी’ हे अधिक शिष्ट वाटते, पण त्यात सल्ल्याचा सूर येतो. घेतली तर चांगले, असा. ‘घेत जा’ यात सवय लावून घेण्याचा सूर आहे, एखादा दिवस चुकला तर चालेल अशी फट त्यात राहते. ‘घ्याल का?’ ही तर विनंती झाली, आणि विनंतीला नाही म्हणता येते. वयाने मोठ्या माणसाला हुकूम कसा सोडायचा या संकोचातून दुभाषी नकळत ‘घ्या’वरून ‘घ्यावी’वर, ‘घ्यावी’वरून ‘शक्यतो घेत जा’वर घसरतो. डॉक्टरने ‘घेतलीच पाहिजे’ असे सांगितलेले असते आणि रुग्णाच्या कानावर ‘जमले तर बघा’ एवढेच पडते.

सुदैवाने मराठीत एक रूप असे आहे की जे ठामही आहे आणि अदबीचेही, ते म्हणजे ‘घ्यायची’, ‘करायचे’, ‘सोडायची नाही’ हे. ‘ही गोळी रोज रात्री घ्यायची, एकही दिवस सोडायची नाही’ या वाक्यात ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही, कोणी कोणाला हुकूमही केलेला नाही. नियम सांगितला आहे. घरातली मोठी माणसेही पथ्य सांगताना हेच रूप वापरतात, त्यामुळे ते कानाला परके वाटत नाही. औषध, पथ्य आणि धोक्याच्या खुणा सांगताना हे रूप वापरावे आणि आदर वाक्याच्या सुरुवातीच्या हाकेत व आवाजात ठेवावा. एकच काळजी घ्यावी लागते. या रूपात कर्ता दिसत नसल्यामुळे, जिथे कोणी करायचे याबद्दल शंका असेल तिथे ‘तुम्ही स्वतः’ किंवा ‘सूनबाईंनी’ असा कर्ता घालावा, पण तोही डॉक्टरने सांगितलेला असेल तरच.

हे सगळे एका प्रसंगात कसे एकत्र येते ते पाहू. पुढचा प्रसंग समजावण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातला प्रत्येक पेच या कामात नित्याचा आहे.

रुग्ण ७८ वर्षांच्या बाई आहेत. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्यासाठी त्यांना वॉरफरिन नावाची, रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारी गोळी चालू आहे. या गोळीचा परिणाम आयएनआर नावाच्या रक्ताच्या तपासणीतून मोजतात. अशा रुग्णात हा आकडा साधारणतः २ ते ३ च्या दरम्यान असावा लागतो. तो कमी असेल तर गुठळीचा धोका राहतो, फार वाढला तर रक्तस्रावाचा. बाईंचा आकडा १.४ आला आहे. डॉक्टर ३१ वर्षांची आहे आणि इंग्रजीत बोलते. बरोबर मुलगा आणि सून आहेत.

डॉक्टरसमोर दोन शक्यता आहेत. गोळीचे प्रमाण कमी पडत असेल तर ते वाढवावे लागेल. गोळ्या चुकत असतील तर प्रमाण तेच ठेवून त्या नियमित घेतल्या जातील असे पाहावे लागेल. म्हणून ती विचारते की गेल्या दोन आठवड्यांत एखादी गोळी चुकली का. या साध्या प्रश्नाचे मराठीत काय होते, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

‘गोळ्या बुडवल्यास का?’ असे कोणी म्हणणार नाही, म्हणून ते सोडून देऊ. पण ‘आजी, गोळ्या अगदी वेळेवर घेताय ना?’ असे मात्र पुष्कळजण म्हणतात. हा प्रश्न प्रेमळ आहे, ‘तुम्ही’चा मान राखणारा आहे, आणि तरीही चुकीचा आहे, कारण त्यातल्या ‘ना’ने उत्तर आधीच ठरवून दिले आहे. मुलासुनेसमोर बसलेली कोणतीही वृद्ध स्त्री त्यावर ‘हो’ म्हणेल. डॉक्टर त्या ‘हो’वर विश्वास ठेवून गोळीचे प्रमाण वाढवेल, घरी गेल्यावर सून रोज स्वतःच्या हाताने वाढवलेली गोळी देऊ लागेल, आणि काही दिवसांनी आयएनआर भलताच वर जाऊन रक्तस्रावाची वेळ येऊ शकेल. एका सौम्य ‘ना’मधून इतके होऊ शकते, ही अतिशयोक्ती नाही, या औषधाच्या कमी आणि जास्त प्रमाणातले अंतर मुळातच फार थोडे असते.

‘गोळी घ्यायची राहून गेली का?’ हा प्रश्न त्याहून बरा, कारण त्यात दोष दिलेला नाही. तरीही तो फक्त विसरण्याबद्दल विचारतो. ज्यांनी गोळी मुद्दाम सोडली असेल, त्या प्रामाणिकपणे ‘नाही हो, राहून नाही गेली’ असे म्हणू शकतात. म्हणून मी अशा वेळी ‘गेल्या दोन आठवड्यांत एखाद्या दिवशी गोळी घेतली गेली नाही, असे झाले का?’ हे वाक्य पसंत करतो. ‘घेतली गेली नाही’ या रूपात विसरणेही बसते, मुद्दाम सोडणेही बसते आणि कोणी दिली नाही म्हणून न घेणेही बसते. बोट कोणाकडेच दाखवलेले नसते. डॉक्टरच्या प्रश्नात जेवढा वाव होता तेवढाच मराठी प्रश्नात राहतो, आणि वयाचा मानही राखला जातो. याला जोडून ‘आणि किती दिवस?’ असे आपल्या पदरचे विचारू नये. तो प्रश्न डॉक्टरचा आहे, तो ती विचारेल.

बाई थोडे थांबून म्हणतात, ‘अगं बाळा, दोन-तीन दिवस मीच नाही घेतली. हातावर काळेनिळे डाग पडायला लागले, मला भीती वाटली.’ हे उत्तर इंग्रजीत जसेच्या तसे जायला हवे. ते ‘काही गोळ्या चुकल्या’ असे आटोपशीर केले तर मुद्दाम सोडल्याची गोष्ट, तिचे कारण आणि काळ्यानिळ्या डागांची खबर असे तिन्ही भाग गळून पडतात. डाग पडणे ही या औषधावरच्या रुग्णात डॉक्टरला तपासून पाहावी लागणारी गोष्ट आहे.

आणि त्या ‘अगं बाळा’चे काय करायचे? डॉक्टरला आपल्या नातवंडांच्या जागी पाहणारे वृद्ध रुग्ण तिला ‘तू’ म्हणतात, ‘पोरी’ म्हणतात. यात अवमान नसतो, पण त्याचा शब्दशः इंग्रजी अनुवाद पुष्कळदा डॉक्टरच्या पदाला न मानणारा वाटतो. गाळून टाकावे तर त्यातला विश्वास डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही. माझ्या मते पहिल्यांदा हा शब्द येतो तेव्हा त्याचा भाव इंग्रजीत आणावा आणि एका वाक्यात डॉक्टरला सांगावे की ही मायेची हाक आहे. त्यानंतर प्रत्येक वेळी समजावण्याची गरज नसते. मात्र हीच हाक तक्रारीच्या सुरातही येऊ शकते: ‘पोरी, तुझं वय काय, मोठे डॉक्टर कधी येणार?’ इथे दुभाष्याने वाक्य गोड करू नये. रुग्णाला तरुण डॉक्टरबद्दल शंका आहे ही माहिती डॉक्टरला हवी असते, कारण शंका असलेला रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन गोळी सोडतो. डॉक्टर आपल्या अनुभवाबद्दल दोन वाक्ये सांगेल, किंवा वरिष्ठांशी बोलणे झाले आहे असे सांगेल. ते उत्तर देण्याची संधी तिच्याकडून दुभाष्याने काढून घेऊ नये. अमेरिकेतल्या नॅशनल काउन्सिल ऑन इंटरप्रिटिंग इन हेल्थ केअर या संस्थेने २००४ साली वैद्यकीय दुभाष्यांसाठी जी आचारसंहिता तयार केली, तिच्यात अचूकता आणि आदर ही दोन तत्त्वे वेगवेगळी दिलेली आहेत. आदर राखण्यासाठी अचूकतेला कात्री लावण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

एवढ्यात मुलगा मध्ये बोलतो, ‘आई, तुला किती वेळा सांगितलं, तू ऐकतच नाहीस.’ हे बोलणे आईला उद्देशून आहे, पण डॉक्टरच्या समोर आहे, म्हणून तेही इंग्रजीत जाते; मुलगा आईला काय म्हणाला हे कळले की डॉक्टरला घरातली ओढाताण कळते. यानंतर डॉक्टर मुलाकडे वळून आईबद्दल विचारू लागली, तर इंग्रजीतल्या ‘शी’चे मराठी ‘त्या’ असेच करावे: ‘त्या जेवतात का, त्यांना झोप लागते का?’ समोर बसलेल्या वृद्ध स्त्रीविषयी ‘ती जेवते का’ हे ऐकणे तिला ‘तू’ इतकेच बोचते, आणि ही चूक अनुभवी दुभाष्यांकडूनही होते, कारण सगळे लक्ष समोरच्याला काय म्हणावे यावर खिळलेले असते.

मग सून सांगते, ‘आईंना रात्रीची गोळी मीच देते, पण मागच्या आठवड्यात मी चार दिवस आईकडे होते.’ मराठी कानाला यात काहीच अवघड नाही. ‘आईंना’ म्हणजे सासूबाईंना, कारण अनेकवचनी आदराचे रूप आहे. ‘आईकडे’ म्हणजे माहेरी, कारण सख्ख्या आईला ते रूप लागत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘मदर’ म्हटले की डॉक्टरच्या डोक्यात गोंधळ उडतो, आणि कधी कधी ती असाच निष्कर्ष काढते की सून चार दिवस सासूजवळच होती. इथे आदराचे रूप हीच माहिती आहे. ते नात्यात उलगडून सांगावे लागते, म्हणजे सासूला गोळी देणारी सून चार दिवस स्वतःच्या आईच्या घरी होती आणि त्या दिवसांत गोळीवर कोणाचे लक्ष नव्हते, हे डॉक्टरला कळते. बाईंनी गोळी सोडली ते दिवस हेच असण्याची दाट शक्यता आहे, पण तो प्रश्न विचारण्याचे काम डॉक्टरचे.

आदरार्थी अनेकवचनाची दुसरी अडचण कुटुंबातल्या आजारांबद्दल विचारताना येते. बाई म्हणतात, ‘त्यांनाही अर्धांगाचा झटका आला होता.’ हे ‘त्यांना’ एका व्यक्तीबद्दल आहे की अनेकांबद्दल, पुरुषाबद्दल आहे की स्त्रीबद्दल, यांपैकी काहीच त्या शब्दातून कळत नाही. जुन्या पिढीतल्या पुष्कळ स्त्रिया नवऱ्याचे नाव घेत नाहीत आणि ‘हे’, ‘ते’, ‘त्यांना’ असेच म्हणतात. झटका नवऱ्याला आला असेल तर बाईंच्या आनुवंशिक धोक्याशी त्याचा संबंध नाही. वडिलांना किंवा भावाला आला असेल तर आहे. दुभाष्याने मनाने ‘नवरा’ असे ठरवून टाकू नये. ‘त्यांना म्हणजे कोणाला, हे मी डॉक्टरांना नीट सांगावे म्हणून विचारतो’ असे म्हणावे. बाई नाव न घेताही ‘आमच्या घरातल्यांना’ किंवा ‘माझ्या थोरल्या भावाला’ असे सांगतील.

शेवटी डॉक्टर सूचना देते की प्रमाण बदलायचे नाही, गोळी रोज घ्यायची आणि सांधे दुखले तरी विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, कारण अनेक वेदनाशामक औषधांनी या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मराठीत हे ‘आजी, गोळी आहे तेवढीच राहील. रोज रात्री घ्यायची, एकही दिवस सोडायची नाही. दुखण्यावरची कोणतीही गोळी आम्हाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही,’ असे जावे. आदर ‘आजी’ या हाकेत आला, सूचना पुरी ठाम राहिली, आणि ‘आम्हाला’ या शब्दाने विचारायचे कोणाला हेही स्पष्ट झाले. ‘आपल्याला विचारल्याशिवाय’ म्हटले असते तर ते नसते झाले.

या सगळ्यात दुभाषी डॉक्टरच्या वतीने ‘मी’ म्हणून बोलतो, आणि बहुतेक वेळा तेच योग्य असते, कारण त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर एकमेकांशी बोलतात. मराठीत मात्र ‘मी’बरोबर क्रियापदाचे लिंगही येते. डॉक्टर स्त्री आणि दुभाषी पुरुष असेल तर ‘मी तपासतो’ म्हणावे की ‘मी तपासते’? मी स्वतः शक्य तिथे ‘आता तपासायचे आहे’, ‘मला तुमचा हात पाहू द्या’ अशी वाक्ये घेतो, ज्यांत हा प्रश्न उद्भवत नाही. पण रुग्णाला कमी ऐकू येत असेल किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर ‘मी’ म्हणजे कोण याचाच गोंधळ होतो आणि औषध सांगणारा माणूस दुभाषीच आहे असे रुग्णाला वाटू लागते. तेव्हा ‘डॉक्टर म्हणतात की’ या रूपावर यावे आणि तसा बदल केला आहे हे डॉक्टरला सांगावे. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाशी बोलताना लहान मुलाशी बोलल्यासारखा लाडिक सूर लावण्याचा मोह विशेष टाळावा. वाक्ये छोटी करावीत, वेग कमी करावा, एका वेळी एकच गोष्ट विचारावी. ‘तुम्ही’ मात्र ‘तुम्ही’च ठेवावे.

दुभाष्याची भूमिका निसटण्याची एक जागाही इथेच आहे. आपल्या भाषेत अदबीने बोलणारे माणूस भेटले की वृद्ध रुग्ण त्यालाच जवळचे मानतात आणि हळूच विचारतात, ‘तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?’ हा ‘तू’ दुभाष्यासाठी आहे आणि त्याला उत्तर द्यायचे नाही. ‘तुमचा हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, मी तो डॉक्टरांना विचारतो’ असे म्हणून तो तसाच इंग्रजीत मांडावा. रुग्णाला दुखावल्यासारखे वाटत नाही, आणि निर्णय घेताना त्यांना सोबत हवी आहे हे डॉक्टरला कळते.

फोनवरून दुभाष्याचे काम करताना यातले बरेच काही अंधारात करावे लागते. वय दिसत नाही, खोलीत कोण आहे ते दिसत नाही, आवाजावरून साठी आणि ऐंशी यांतला फरक कळत नाही. म्हणून बोलणे सुरू होण्यापूर्वी डॉक्टरकडून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: रुग्णाचे पूर्ण नाव आणि वय, बरोबर कोण आहे व त्यांचे रुग्णाशी नाते काय, आणि रुग्णाला ऐकायला किंवा समजायला काही अडचण आहे का. त्यानंतर पहिले वाक्य रुग्णाशी बोलावे ते हाक न मारता, पण ‘तुम्ही’च्या रूपात: ‘नमस्कार, तुम्हाला माझा आवाज नीट ऐकू येतो आहे का? तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ उत्तर कधी ‘आजी म्हण की’ असे येते, कधी शांतपणे नाव आणि आडनाव येते. जे येईल ते कागदावर लिहून ठेवावे आणि फोन ठेवेपर्यंत तेच चालवावे.